उन्हाळ्यात साइटवरच्या कामाच्या वेळा, विश्रांती आणि पाणी: नोटिशीचा मसुदा तपासून हवा आहे

खडीकरण

नमस्कार मंडळी. मी चंद्रपूर जिल्ह्यात रस्ता रुंदीकरणाच्या कामावर साइट इंजिनिअर आहे. सव्वा किलोमीटरचा पट्टा आहे, त्यात दोन्ही बाजूंची काँक्रीट गटारं, रस्त्याखालच्या दोन मोऱ्या आणि कडेची भर. रोज 40 च्या आसपास माणसं असतात, त्यात 14 बायका. निम्मे जवळच्या खेड्यांतून येतात, निम्मे परराज्यातले आहेत आणि साइटवरच पत्र्याच्या खोल्यांत राहतात. पारा 44 वर गेलाय. काल गटाराच्या खोदाईवरचा एक पोरगा चक्कर येऊन बसला, तासाभराने ठीक झाला. त्यानंतर वरून निरोप आला की नोटीस काढा. मी लिहिलेली अशी:

> सूचना: उद्यापासून पुढील आदेशापर्यंत
> 1. कामाची वेळ सकाळी 6 ते दुपारी 12 आणि दुपारी 3 ते संध्याकाळी 5 अशी राहील.
> 2. दुपारी 12 ते 3 विश्रांती राहील.
> 3. पिण्याच्या पाण्याची सोय साइट ऑफिसजवळ केली आहे.
> 4. सर्वांनी डोक्याला रुमाल किंवा दुपट्टा बांधावा.
> 5. त्रास झाल्यास मुकादमास कळवावे.

पाण्याचे 20 लिटरचे 5 जार रोज येतात. उद्या ही लावायची आहे. काय राहिलंय ते सांगा.

विदर्भपुत्र

नोटीस चांगली आहे भाऊ. आमच्या वडिलांनी गिट्टी खदानीवर आयुष्य काढलं, त्यावरून तीन गोष्टी सांगतो. एक, प्रत्येकाला मिठाची गोळी द्या, घामातून मीठ जातं. दोन, उन्हातून आल्यावर गार पाणी पिऊ देऊ नका, माठातलंही नाही, आधी गूळ खायला लावा. तीन, घाम बंद झाला की समजायचं लू लागली, तोवर काळजीचं काही नसतं. आणि दुपट्टा ओला करून बांधायला सांगा, कोरडा नाही.

सुरक्षा_पाटी

मी आधी वीजनिर्मिती केंद्रात आणि मग सिमेंटच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होतो, आता निवृत्त आहे. अशा नोटिसा दर वर्षी लावल्या आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुमची सगळ्यात मोठी अडचण पहिल्या कलमात आहे. 12 ते 3 सुट्टी देऊन तुम्ही माणसांना बरोबर 3 वाजता उन्हात परत उतरवताय. सूर्य डोक्यावर 12 ला असतो हे खरं, पण जमीन तापून हवेचा पारा सर्वांत वर जातो तो अडीच ते चारच्या दरम्यान. तुमच्याकडे तर साडेपाचलाही वारा भाजतो. सरकारी पत्रकांत 12 ते 3 बाहेर पडू नका असं असतं. ते घरून बाजारात जाणाऱ्या माणसासाठी ठीक आहे. ज्याला त्यानंतर फावडं चालवायचंय त्याच्यासाठी ती वेळ अपुरी पडते.

दुसरं, सकाळचे सहा तास सलग आहेत. बांधकाम मजुरांसाठीच्या जुन्या केंद्रीय नियमांतही सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती हवी असं होतं, आणि सुट्टी धरून अख्खा दिवस बारा तासांच्या आत बसवायचा असंही. उन्हाळ्यात पाच तास सलग हेही फार आहेत. 9 नंतर दर तासाला निदान दहा मिनिटं सावलीत बसणं हवं, आणि ते नोटिशीत तास-मिनिटांनी लिहायला हवं. "गरजेनुसार विश्रांती" लिहिलंत तर कुणीच बसत नाही, कारण मुकादमासमोर पहिला बसणारा कामचुकार ठरतो. शिट्टी वाजली आणि सगळे बसले, तर त्यात कुणाची लाज नसते.

तिसरं, विश्रांती कुठे? पत्र्याच्या खोलीत? तिथे दुपारी दीडला थर्मामीटर नेऊन बघा. बाहेरच्या सावलीपेक्षा आत जास्त निघेल. तीन तास तिथे पडलेला माणूस उठतो तेव्हा आधीपेक्षा दमलेला असतो.

खडीकरण

पाटीकाका, आत्ता बघून आलो. बाहेर निंबाखाली 43, खोलीत 46. गावातले गडी तर दुपारी घरी जाऊ शकत नाहीत, ऑटोचं भाडं दोनदा कोण देणार? ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली झोपतात. ही गोष्ट रोज दिसते, पण नोटिशीशी जोडून कधी पाहिली नव्हती.

सावलीसाठी काय करता येईल? हिरवी जाळी आहे माझ्याकडे, एक रोल.

सुरक्षा_पाटी

जाळी थेट डोक्यावर घेऊ नका, तिच्यातून ऊन गाळून येतंच. बांबूचा मांडव घाला, वर पऱ्हाट्या किंवा तुराट्या अंथरा. तुमच्याकडे कापूस-तूर निघून गेल्यावर शेताच्या बांधावर त्यांचे ढीग पडलेले असतात. पश्चिमेच्या बाजूला तट्टा लावा आणि त्यावर पाणी मारा. तुमची हवा कोरडी आहे, त्यामुळे ओल्या तट्ट्यातून येणारा वारा खरोखर थंड लागतो. पत्र्याच्या खोल्यांवरही वीतभर अंतर सोडून पऱ्हाट्यांचा थर टाका. पत्रा आणि थर यांच्यामध्ये वारा खेळला पाहिजे. ती जाळी मांडवाच्या वर पऱ्हाट्या उडू नयेत म्हणून वापरा.

सव्वा किलोमीटरला एक मांडव पुरणार नाही. निदान तीन करा. माणूस दहा मिनिटांच्या विश्रांतीसाठी पाच मिनिटं उन्हात चालत जाणार नाही, तिथेच बसकण मारेल.

पल्लवी_न

आमच्या पुण्याच्या सोसायटीत गेटवरच्या वॉचमनकाकांना दुपारी उभं राहावं लागतं. त्यांच्या वेळा बदलायला एजन्सीला कसं सांगायचं? नोटीस सोसायटीने काढायची की एजन्सीने?

सुरक्षा_पाटी

ताई, ते थोडं वेगळं प्रकरण आहे. वॉचमनकाका अंगमेहनत करत नाहीत, म्हणजे शरीर आतून तापत नाही. त्यांना वेळ बदलून देण्यापेक्षा केबिनला छप्पर, पंखा आणि पाण्याचा माठ लागेल, आणि ते सोसायटी आजच करू शकते. इथे प्रश्न फावडं-घमेलं चालवणाऱ्यांचा आहे. त्यांचं शरीर बाहेरून ऊन आणि आतून मेहनत अशा दोन्हींनी तापतं.

आता पाण्याकडे येतो. खडीकरण, तुमचे 5 जार म्हणजे 100 लिटर. 40 माणसांत अडीच लिटर प्रत्येकी, अख्ख्या दिवसाला. जड काम आणि 44 चा पारा असताना दर वीस मिनिटांना एक पेला, साधारण पाव लिटर, प्यायला हवा. म्हणजे तासाला पाऊण लिटर. आठ तासांचे सहा लिटर. 40 माणसांचे 240 लिटर, म्हणजे 12 जार. हे फक्त पिण्याचं. हात-तोंड धुणं, दुपट्टा भिजवणं, तट्ट्यावर मारणं यासाठी टँकरचं पाणी वेगळं.

आणि हे पाणी ऑफिसजवळ ठेवून उपयोग नाही. गटाराच्या शेवटच्या टोकाला काम करणारा माणूस ऑफिसपर्यंत जाऊन येईल तर त्याची वीस मिनिटं जातात, म्हणून तो जातच नाही. तहान लागेपर्यंत थांबतो, आणि तहान जाणवते तेव्हा शरीर आधीच मागे पडलेलं असतं. एक माणूस फक्त पाण्यासाठी लावा. हातगाडीवर दोन जार आणि पेले घेऊन तो पट्ट्यावर सकाळपासून फिरत राहील. मी कारखान्यात सगळ्यांत जास्त भांडून मिळवलेली गोष्ट हीच होती. एका माणसाची हजेरी जास्त लागते म्हणून ती नाकारली जाते.

झाडूपथक

मी नगरपरिषदेत सफाई विभागात मुकादम आहे, माझ्या हाताखाली 22 बायका. वरचा पाण्याचा हिशेब वाचला. तो बरोबर आहे, पण तुमच्या 14 बायका तेवढं पाणी पिणार नाहीत, हातगाडी तोंडापाशी नेली तरी. कारण जायला जागा नाही.

हे आमच्याकडे कुणी बोलत नाही म्हणून मी स्पष्ट लिहिते. बाई सकाळी घरून निघताना पाणी पीत नाही, कामावर दोन घोट घेते आणि घरी जाईपर्यंत दाबून धरते. गडी झाडामागे जातात. बाईला रस्त्याच्या कामावर आडोसा कुठला? उन्हाळ्यात माझ्या पथकात लघवीची जळजळ, पोटात दुखणं, चक्कर हे सगळं बायकांनाच जास्त. वर्षानुवर्षं आम्ही "बायका नाजूक" असं ऐकत आलो. त्या पाणीच पीत नव्हत्या.

मांडव बांधताय तर त्याच बांबूचं, त्याच तट्ट्याचं एक मोरीघर बांधा, पट्ट्याच्या दोन्ही टोकांना एकेक. दाराला आतून कडी, आत बादली, मग आणि पाण्याचा ड्रम. आणि नोटिशीत ते लिहा. लिहिलं नाही तर पुढचा इंजिनिअर ते काढून टाकेल.

खडीकरण

ताई, साइट ऑफिसचं एक शौचालय आहे, पण तिथे बायका येत नाहीत. आता कळतंय का.

झाडूपथक

ऑफिसात चार बाप्ये बसलेले असतात, त्यांच्यासमोरून कोण जाणार? वेगळं बांधा, आणि पाण्याच्या जागेपासून लांब.

सुरक्षा_पाटी

ताईंनी लाखातलं सांगितलं. अंतरापुरतं बोलायचं तर 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यातच होतं की पिण्याच्या पाण्याची जागा मोरी-शौचालयापासून सहा मीटरच्या आत नको, आणि त्यावर "पिण्याचे पाणी" असं मजुरांना कळेल त्या भाषेत लिहायचं. तुमच्याकडे निम्मे परराज्यातले आहेत, म्हणजे हिंदीतही लिहा. नोटीसही दोन भाषांत, आणि वाचून दाखवा. भिंतीवरचा कागद कुणी वाचत नाही.

दोह्यातला_सातारकर

मी कतारमध्ये बांधकाम सुपरवायझर आहे. इथे 1 जून ते 15 सप्टेंबर या काळात सकाळी 10 ते दुपारी साडेतीन बाहेरचं काम कायद्यानेच बंद. शिवाय डब्ल्यूबीजीटी नावाचं एक मोजमाप आहे, त्यात ऊन, वारा, दमटपणा सगळं धरतात. ते 32.1 च्या वर गेलं की वेळ कुठलीही असो, काम थांबवायचं. आमच्या साइटवर त्याचं यंत्र तिवईवर उभं असतं.

मला एक वेगळीच गोष्ट सांगायची आहे. इथे आमच्याकडे त्रास कुणाला होतो? जुन्याला नाही. सुट्टीवरून परत आलेल्याला आणि नव्याने आलेल्याला. मी स्वतः जूनमध्ये गावाकडून परतलो होतो आणि पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी केली. दुपारनंतर माझं डोकं फुटायची वेळ आली, उलट्या झाल्या. मला वाटलं होतं इतकी वर्षं इथे काढलीत, मला काय होणार? शरीराला उन्हाची सवय लागायला एक-दोन आठवडे जातात, आणि आठवडाभर थंड जागी राहिलं की ती उतरू लागते. काल तुमच्याकडे चक्कर आलेला पोरगा नवा होता का, ते आधी बघा.

खडीकरण

बघितलं. परवा आलाय. त्याच दिवशी पूर्ण खोदाईवर लावला होता.

प्रा_आ_केंद्र

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. सातारकरांनी फार महत्त्वाचं लिहिलंय. बाहेरच्या कामावर उष्माघाताने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या काही दिवसांतच होतात. नवा माणूस पहिल्या दिवशी नेहमीच्या जड कामाच्या पाचव्या हिश्श्याइतकंच करेल, मग रोज तेवढंच वाढवत न्यायचं, असा साधा नियम आहे. बाकी वेळ त्याला सावलीतलं काम द्या, सळई बांधणं, मोजमाप धरणं, पाण्याची हातगाडी. जुना माणूस लग्नाहून आठवड्याने परतला तर पहिल्या दिवशी निम्मं काम. हे नोटिशीत एका ओळीत बसतं.

विदर्भपुत्र, तुमच्या वडिलांचा ओल्या दुपट्ट्याचा सल्ला पक्का आहे. बाकीच्या तीन गोष्टींवर मात्र मला बोललंच पाहिजे, कारण त्यावर जीव अवलंबून आहे.

मिठाच्या गोळ्या नकोत. पोटात एकदम मीठ गेलं की मळमळ होते, उलटी होते आणि होतं नव्हतं ते पाणीही बाहेर जातं. दोन वेळ भाकरी, भाजी, चटणी खाणाऱ्याला मीठ जेवणातून मिळतं. ज्याला घाम फार येतोय, पायात गोळे येताहेत, त्याला ओआरएस द्या किंवा मीठ घातलेलं पातळ ताक. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच पूर्ण ओतायचं. साइटवर मी पाहिलंय, अर्धं पाकीट एका पेल्यात ढवळून देतात. ते खारट होतं आणि उलट त्रास देतं. आणि माठाचं गार पाणी खुशाल प्या, त्याने काही होत नाही. बर्फाचं पाणी घटाघट प्यायल्यावर काहींचं पोट दुखतं, एवढंच.

आता घाम. "घाम थांबला की लू" हे घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत पुष्कळदा खरं असतं. फावडं मारता मारता कोसळणाऱ्या तरण्या गड्याचं अंग घामाने चिंब असू शकतं आणि तरी त्याला उष्माघात झालेला असतो. म्हणून घाम बघू नका, डोकं बघा. बोलणं अडखळतंय, चिडचिड करतोय, झोकांड्या खातोय, विचारलं तर गावाचं नाव चुकतंय, असं काहीही दिसलं की तो उष्माघातच समजा.

विदर्भपुत्र

डॉक्टरसाहेब, मिठाच्या गोळ्यांचं समजलं. पण वडिलांच्या खदानीत गोळ्या कंपनीच वाटायची. तेव्हा ते चुकीचं होतं का?

प्रा_आ_केंद्र

तेव्हा जगभर तशीच पद्धत होती, पुढे ती सोडून दिली गेली. वडिलांचं काही चुकलं नाही.

मूळ मुद्दा पुढे नेतो. तुमच्या नोटिशीतलं पाचवं कलम, "त्रास झाल्यास मुकादमास कळवावे". ज्याला खरा त्रास झालाय तो कळवणार नाही. त्याचं डोकंच चालत नसतं. किंवा तो म्हणतो, "जरा पडतो", आणि पत्र्याच्या खोलीत एकटा जाऊन पडतो. माझ्याकडे आणलेले वाईट रुग्ण बहुतेक असेच सापडलेले होते, दोन तासांनी कुणीतरी जेवायला हाक मारायला गेलं तेव्हा. म्हणून जोड्या लावा. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराकडे लक्ष ठेवायचं, आणि बरं वाटत नसलेल्याला एकटं कधीही सोडायचं नाही.

असा माणूस सापडला तर 108 ला फोन लावा, पण गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत घ्या, शर्ट-बनियन काढा आणि ड्रमभर पाणी त्याच्यावर ओतत राहा, पुठ्ठ्याने वारा घाला. तुमच्या कोरड्या हवेत ओलं अंग आणि वारा यांनी ताप झपाट्याने उतरतो. बर्फ असेल तर काखेत, मानेला, जांघेत ठेवा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते फुफ्फुसात जातं. तापाची गोळीही देऊ नका, या तापावर ती चालत नाही. जीव वाचतो की नाही हे बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासात ठरतं, आणि तो अर्धा तास दवाखान्यात नाही, तुमच्या साइटवर जातो.

लाईनवाला

आमचं काय? मी वीज वितरणात लाईनमन आहे. उन्हाळ्यात लोड वाढतो, दुपारी दोनलाच डीपी उडते. गावातले लोक फोन करून शिव्या देतात. त्या वेळी पोलवर चढायचं म्हणजे लोखंड भाजतं, हातात रबरी मोजे, डोक्यावर हेल्मेट. दुपारी काम बंद ठेवायची नोटीस आम्हाला लागूच होऊ शकत नाही.

सुरक्षा_पाटी

भाऊ, तुमचं अवघड आहे आणि माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. काम थांबवता येत नसेल तर माणूस बदलता येतो. पोलवर पंधरा-वीस मिनिटं एक जण, मग दुसरा, आणि खाली गाडीत पाणी आणि सावली. पण त्यासाठी गाडीमागे दोन लाईनमन हवेत.

लाईनवाला

एकच असतो. बरोबर हेल्पर, त्याला चढायची परवानगी नाही.

पनवेलकर_राणे

आमच्याकडे पारा 38 च्या वर क्वचित जातो, तरी माणसं गळतात. मग नोटिशीत 40 ची अट घातली तर ती कोकणात निकामीच ना?

सुरक्षा_पाटी

अगदी बरोबर. तुमच्याकडे हवेत इतका ओलावा असतो की घाम वाळतच नाही, नुसता गळतो. घाम वाळला तरच अंग थंड होतं. एप्रिल 2023 मध्ये खारघरच्या मैदानावर कार्यक्रमाला आलेली माणसं उष्माघाताने गेली, तेव्हा पारा 38 च्याच आसपास होता. हवामान खातंही किनाऱ्यासाठी उष्णतेच्या लाटेची अट 37 पासून धरतं आणि मैदानी भागासाठी 40 पासून. तुमच्याकडे ओला तट्टा नको, त्याने ओलावाच वाढेल. मोकळा वारा आणि पंखा हवा. सातारकरांनी सांगितलेलं मोजमाप कोकणात जास्त उपयोगी आहे.

ठेकेदार_भाऊ

सगळे छान सल्ले देताय, आता पैशाचं कोणी बोलेल का? मी गटाराची कामं घेतो. माझ्या टोळीला मीटरमागे उक्तं दिलंय. त्यांना नोटीस दाखवली तर तेच म्हणतात, "साहेब, आम्हाला पावसाच्या आत संपवून घरी जायचंय, दुपारी करू द्या." मी जबरदस्ती करत नाही, ते स्वतः उन्हात उतरतात. आणि रोजंदारीवाल्यांना कमी तासांच्या कामाची पूर्ण हजेरी लावली तर माझ्या बिलात ते कुठून निघणार? मी काही निर्दयी माणूस नाही. मलाही या मजुरांच्या जिवावरच काम करायचंय.

झाडूपथक

भाऊ, तुम्ही खरं बोललात ते बरं झालं. पण "स्वतः उतरतात" असं नसतं. मीटरमागे पैसे ठरले की दुपारी बसणं म्हणजे खिशातले पैसे जाणं. तुमच्याकडची माणसं आपखुशीने उतरत नाहीत, दर त्यांना उतरवतो.

सुरक्षा_पाटी

आम्ही एक केलं होतं, त्याने निम्मा प्रश्न सुटला. नोटिशीत "काम बंद" लिहून थांबलो नाही, ठरलेल्या वेळेला मिक्सर आणि व्हायब्रेटरच्या चाव्या ऑफिसात जमा करून घेतल्या. यंत्रच बंद म्हटल्यावर उक्त्यावाल्या टोळीत एकाने बसायचं आणि दुसऱ्याने कमवायचं असा प्रश्न उरत नाही. खोदाई हाताने होते, तिला चावी नाही. तिथे हा उपाय लागू पडला नाही.

आणि भाऊ, दुपारी 1 ते 4 मध्ये तुमची टोळी किती मीटर करते आणि सकाळी 6 ते 9 मध्ये किती, ते एकदा मोजून बघा. दुपारचं काम निम्म्यावर आलेलं दिसेल. शिवाय पारा 40 च्या वर असताना ओतलेलं काँक्रीट फार लवकर पाणी सोडतं, पृष्ठभागाला तडे जातात. ती दुरुस्ती तुमच्याच बिलातून जाते.

खडीकरण

हाच प्रश्न मला होता. पुढच्या आठवड्यात मोरीचा स्लॅब आहे. एकदा सुरू केला की मध्ये थांबवता येत नाही, जोड पडतो. सकाळी 6 ला सुरू केला तर 2 वाजतील.

सुरक्षा_पाटी

संध्याकाळी 7 ला सुरू करा, मध्यरात्रीनंतर दोन-तीनला संपवा. खडीवर दिवसभर सावली धरा आणि तिला पाणी मारत राहा, सळई आणि सेंट्रिंगवरही ओतायच्या आधी पाणी मारून गार करा, फक्त फळ्यांवर पाणी साचू देऊ नका. दिव्याची सोय नीट करा. त्या रात्री काम केलेल्या टोळीला दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीला बोलावू नका. दिवसा पत्र्याच्या खोलीत झोप लागणार नाही, म्हणून त्यांना मांडवात झोपू द्या. रात्री नीट न झोपलेला माणूस उन्हात लवकर कोसळतो.

खडीकरण

काल वरच्या साहेबांशी बोललो. सगळं मिळालं नाही. नवी नोटीस अशी लावली आहे, मराठी आणि हिंदीत, आणि सकाळच्या हजेरीला मीच वाचून दाखवली:

> 1. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी काम सकाळी 5:30 ते 12. दुपारचं काम नाही. हजेरी पूर्ण लागेल.
> 2. पिवळा इशारा असेल त्या दिवशी त्याशिवाय संध्याकाळी 4 ते 5:30. मधल्या वेळेत कुणालाही काम सांगितलं जाणार नाही.
> 3. न्याहारीची सुट्टी 8:30 ते 9. त्यानंतर 10, 11 आणि दुपारच्या कामात 4:45 ला शिट्टी होईल. शिट्टी झाली की सर्वांनी दहा मिनिटं मांडवात बसायचं, मुकादमानेही.
> 4. पिण्याचं पाणी हातगाडीवर जागेवर येईल. दर फेरीला एक पेला प्यायचा, तहान नसली तरी.
> 5. बायकांसाठी पट्ट्याच्या दोन्ही टोकांना स्वतंत्र मोरीघर आहे. त्यासाठी कधीही जाता येईल, विचारायची गरज नाही.
> 6. नवीन किंवा सुट्टीवरून आलेल्यांना पहिले पाच दिवस हलकं काम, हजेरी पूर्ण.
> 7. प्रत्येकाचा जोडीदार ठरलेला आहे. जोडीदार अडखळत बोलला, झोकांड्या देऊ लागला तर लगेच ओरडा, अंगावर पाणी ओता, 108 ला फोन करा. कुणालाही एकटं झोपायला पाठवायचं नाही.

जार 12 केले. हातगाडीवर तोच परवा आलेला पोरगा आहे. मांडव दोनच झाले, तिसऱ्याचे बांबू उद्या येतील. मोरीघर एक तयार आहे. आज गाडीचे जार अकरालाच संपले, म्हणजे लोक पितायत.

झाडूपथक

"विचारायची गरज नाही" हे लिहिलंत, ते फार बरं केलंत.

प्रा_आ_केंद्र

एक सांगू? 108 च्या पुढे तुमच्या केंद्राचा नंबर आणि साइटची खूण लिहा, कुठली मोरी, कुठला किलोमीटर दगड. रस्त्याच्या कामावर गाडी येते आणि नेमकी जागा शोधत फिरते.

ठेकेदार_भाऊ

पहिलं कलम तुम्हाला कंपनीने मंजूर केलं म्हणून जमलं. माझ्यासारख्या पोटठेकेदाराने पूर्ण हजेरी दिली तर फरक मूळ ठेकेदाराने द्यायचा की माझ्या नफ्यातून जायचा, हे कुठल्याच करारात नाही. पुढच्या निविदेत उन्हाळ्याचे तास वेगळे धरून दर लावायचा प्रयत्न करतो. कुणी तसं केलं असेल तर दर कसा बसवला ते इथे लिहा. तोवर मिक्सरची चावी मी साडेअकराला काढून घेतोय, खोदाईच्या टोळीला मात्र काल दुपारी थांबवू शकलो नाही.

सुरक्षा_पाटी

खोदाईवाल्यांना पहाटे 4:30 ला दिव्यावर सुरू करून बघा. दिवसाचे मीटर 11 च्या आत पूर्ण झाले तर ते आपणहून उठतील. गटाराची बाजू ढासळू नये म्हणून उजेड दोन्ही बाजूंनी लागेल, एका बाजूने टाकलात तर आत सावली पडते.

ठेकेदार_भाऊ

दोन फ्लडलाइट आणि जनरेटरचं भाडं विचारतो उद्या.